आधी वर्ष, मग महिना, मग दिवस

(खराडी येथे झालेल्या सचिव व कोषाध्यक्षांच्या प्रशिक्षणात आमच्या क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेले भाषण. ज्या ताई येऊ शकल्या नाहीत त्यांच्यासाठी येथे देत आहोत.)



सकाळच्या सत्रात वह्या कशा लिहायच्या ते झालं. आता वह्यांचे जे फोटो आपण काढतो, त्यांच्याबद्दल बोलू. बैठक झाली की सचिव ताई इतिवृत्ताच्या पानाचा फोटो काढतात. कोषाध्यक्ष ताई बँकेच्या पावतीचा काढतात. पासबुक भरून आणलं की त्याचाही निघतो. मग हे सगळं सीआरपी ताईंकडे जातं, ग्रामसंघाकडे जातं, आणि कर्जाची फाईल करायची वेळ आली की बँकेकडे जातं.

बँकेचं कर्ज मागताना काय बघतात, ते तुम्हाला माहीत आहे. गट किमान सहा महिने चालू हवा आणि पंचसूत्री पाळणारा हवा. हे सहा महिने खातं कधी उघडलं यावरून मोजत नाहीत, हिशोबाच्या वह्यांवरून मोजतात. म्हणजे सलग सहा महिन्यांच्या बैठका, बचत, कर्जवाटप आणि परतफेड कागदावर दिसली पाहिजे. वही तर नीट लिहिलेली असते, पण मोबाईलमधले तिचे फोटो उलटसुलट लागलेले असतात. पुढचं पान मागे आणि मागचं पुढे. बघणाऱ्याला वाटतं, मधला महिना गायब आहे. तो महिना असतो, फक्त भलत्याच जागी जाऊन बसलेला असतो.

असं का होतं, ते एका उदाहरणावरून बघू. समजा, एक गट दर महिन्याच्या ५ तारखेला बसतो. २०२४च्या नोव्हेंबरात दिवाळीमुळे बैठक ७ तारखेला झाली. २०२५च्या जानेवारीत ५ तारखेला रविवार आला, म्हणून ६ तारखेला झाली. सचिव ताईंनी प्रत्येक फोटोला आपण वहीत लिहितो तशीच तारीख देऊन नाव ठेवलं, म्हणजे आधी दिवस, मग महिना, मग वर्ष. सप्टेंबर ते फेब्रुवारी असे सहा फोटो झाले. मोबाईलमध्ये फोल्डर उघडून ते नावानुसार लावले, तर यादी अशी दिसली:

```
05-02-2025.jpg
05-09-2024.jpg
05-10-2024.jpg
05-12-2024.jpg
06-01-2025.jpg
07-11-2024.jpg
```

वरपासून वाचा. पहिलाच फोटो २०२५च्या फेब्रुवारीचा, म्हणजे सगळ्यात नवा. मग २०२४चे सप्टेंबर, ऑक्टोबर आणि एकदम डिसेंबर. मग जानेवारी. आणि नोव्हेंबर थेट तळाला. कर्जाची फाईल बघणारा माणूस ऑक्टोबरनंतर डिसेंबर बघतो आणि विचारतो, "नोव्हेंबरची बैठक झाली नाही का?"

ताईंनो, मोबाईलला ही तारीख आहे हे कळत नाही. त्याच्यासाठी ती अक्षरांची एक ओळ आहे. तो ती डावीकडून उजवीकडे वाचतो, जसे आपण शब्दकोशात शब्द शोधतो. आधी पहिलं अक्षर बघायचं. ते सारखं असेल तर दुसरं. तेही सारखं असेल तर तिसरं. वरच्या यादीत चार नावं `05` ने सुरू होतात, म्हणून ती एकत्र आली. मग त्या चौघांत पुढचं बघितलं, `02`, `09`, `10`, `12`. म्हणून फेब्रुवारी पहिला. वर्ष ओळीच्या शेवटी आहे. तिथपर्यंत जायची मोबाईलला गरजच पडली नाही, निकाल त्याआधीच लागला. `06` आणि `07` तर पहिल्या दोन आकड्यांतच मागे पडले.

आता बघा, आपण बाकी सगळीकडे मोठं माप आधी लिहितो. बचत २,३५० रुपये झाली, तर आधी हजार, मग शेकडा, मग दहक. घड्याळात आधी तास, मग मिनिटं. फक्त तारीख आपण उलटी लिहितो, सगळ्यात लहान माप, म्हणजे दिवस, आधी. माणसाला त्याने काही अडत नाही, कारण आपण पूर्ण तारीख एका नजरेत वाचतो. अक्षर-अक्षर वाचणारं यंत्र मात्र तिथेच चुकतं.

म्हणून फाईलच्या नावात तारीख रकमेसारखी लिहायची. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. तेच सहा फोटो, तीच बैठक, फक्त नाव बदललं:

```
2024-09-05_इतिवृत्त.jpg
2024-10-05_इतिवृत्त.jpg
2024-11-07_इतिवृत्त.jpg
2024-12-05_इतिवृत्त.jpg
2025-01-06_इतिवृत्त.jpg
2025-02-05_इतिवृत्त.jpg
```

आता मोबाईल तसाच डावीकडून वाचतो, पण आधी वर्ष वाचतो. २०२४ची चार नावं वर, २०२५ची दोन खाली. वर्ष सारखं असेल तिथे महिना बघतो, महिना सारखा असेल तिथे दिवस. नोव्हेंबरची बैठक ५ ऐवजी ७ला झाली तरी ती आपल्या जागी बसली. आणि एखादा महिना खरंच राहिला असेल, तर तेही लगेच दिसतं. `2024-11` नंतर एकदम `2025-01` आलं की समजायचं, डिसेंबरचं पान काढायचं राहिलंय.

ही पद्धत काही आपण शोधलेली नाही. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने १९८८ साली तारीख लिहिण्याची जगभर सारखी रीत ठरवली. त्या मानकाचं नाव `ISO 8601`. त्यात हाच क्रम आहे. त्याचं एक कारण इथे खराडीत लगेच समजेल. या भागात मोठमोठ्या आयटी कंपन्या आहेत आणि त्यांचं बरंचसं काम परदेशाशी चालतं. आपण `05-09-2024` लिहिलं की ते पाच सप्टेंबर. अमेरिकेतला माणूस तेच नऊ मे असं वाचतो, कारण तिकडे महिना आधी लिहितात. `2024-09-05` लिहिलं की हा घोळ उरत नाही.

आता हे करताना नेमकं कुठे अडतं, ते सांगते.

पहिली गोष्ट शून्याची. महिना आणि दिवस नेहमी दोन आकडी लिहायचा. सप्टेंबर `09`, नुसता `9` नाही. का? `2024-9-5` आणि `2024-10-5` ही दोन नावं अक्षर-अक्षर वाचून बघा. `2024-` पर्यंत दोन्ही सारखी. मग एकीकडे `9` आणि दुसरीकडे `1`. एक हा नऊच्या आधी, म्हणून ऑक्टोबर सप्टेंबरच्या वर जाऊन बसतो. काही संगणक हुशारी करून पूर्ण आकडा वाचतात आणि दहा हा नऊच्या नंतर लावतात. पण तुमची फाईल उद्या कुणाच्या मोबाईलवर, कुठल्या संगणकावर उघडेल, ते आपल्या हातात नाही. शून्य लावलेलं असेल तर दोन्हीकडे बरोबर लागतं. तसंच वर्ष पूर्ण चार आकडी लिहायचं. `24-09-05` लिहिलं तर उद्या बघणाऱ्याला चोवीस हे वर्ष आहे की दिवस, तेच कळणार नाही.

दुसरी गोष्ट, मधली खूण. वहीत आपण ५/९/२०२४ अशी तिरकी रेघ मारतो. फाईलच्या नावात ती रेघ चालत नाही. टाकायला गेलात तर मोबाईल नाव घेत नाही. आडवी छोटी रेघ `-` वापरा. तारखेनंतर खालची रेघ `_` देऊन मग कागदाचं नाव लिहा. आणि शेवटचं `.jpg` किंवा `.pdf` दिसत असेल तर त्याला हात लावू नका. ते पुसलं गेलं तर फाईल कशाने उघडायची, ते मोबाईलला कळत नाही.

तिसरी गोष्ट आकड्यांची. नावातली तारीख इंग्रजी आकड्यांत लिहा. वहीत मराठी आकडे खुशाल लिहा, त्यात काही वावगं नाही. पण यंत्राच्या लेखी मराठी `५` आणि इंग्रजी `5` ही दोन वेगळी अक्षरं आहेत. निम्म्या फाईली मराठी आकड्यांत आणि निम्म्या इंग्रजी आकड्यांत असतील, तर काही ठिकाणी यादीचे दोन तुकडे पडतात. एक रीत धरा आणि तीच ठेवा. कागदाचं नाव मात्र मराठीतच असू द्या. इतिवृत्त, पासबुक, ठराव, बँक-पावती, असं लिहिलं की कुणालाही कळतं.

चौथी गोष्ट जास्त फसवी आहे, महिन्याचं नाव. काही ताई फोल्डर करतात आणि त्याला एप्रिल, मे, जून अशी नावं देतात. दिसायला छान वाटतं. पण मोबाईल ते बाराखडीच्या क्रमाने लावतो. मग एप्रिलनंतर येतो ऑक्टोबर, मग ऑगस्ट, मग जानेवारी, जुलै, जून, डिसेंबर, नोव्हेंबर, फेब्रुवारी, मार्च, मे आणि शेवटी सप्टेंबर. इंग्रजीत लिहिलंत तरी तीच गत. एप्रिल, ऑगस्ट, डिसेंबर, फेब्रुवारी असं सुरू होतं. यात फसवणूक अशी, की दोन्हीकडे एप्रिल पहिला येतो आणि आपलं हिशोबाचं वर्षही एप्रिलपासूनच सुरू होतं. वरची ओळ बरोबर दिसली की आपण खाली बघत नाही. महिन्याचं नाव हवंच असेल तर आधी आकडा लिहा, `2024-10_ऑक्टोबर`.

एक प्रश्न मला प्रत्येक गावात विचारतात. "ताई, मोबाईलमध्ये तारखेप्रमाणे लावायची सोय आहे की. मग एवढा खटाटोप कशाला?"

सोय आहे, खरं आहे. पण ती कुठली तारीख बघते, ते विचारा. ती बैठकीची तारीख नसते. फाईल त्या मोबाईलमध्ये कधी आली किंवा शेवटची कधी बदलली, त्याची तारीख असते. सचिव ताईंनी जुना मोबाईल बदलला आणि सगळे फोटो नव्यात घेतले, तर काही वेळा त्या सगळ्या फोटोंना एकच तारीख लागते, नव्या मोबाईलमध्ये आणल्याची. मग तारखेप्रमाणे लावून काय उपयोग?

व्हॉट्सअॅपचं उदाहरण घ्या. बहुतेकींच्या मोबाईलमध्ये व्हॉट्सअॅपवरून आलेल्या फोटोचं नाव असं असतं:

```
IMG-20240909-WA0012.jpg
```

यातला `20240909` म्हणजे २०२४, सप्टेंबर, ९. बघा, त्यांनीही वर्षच आधी लिहिलंय, फक्त मधल्या रेघा नाहीत. पण ही नऊ तारीख कुठली? बैठक ५ सप्टेंबरला झाली. सचिव ताईंनी फोटो तेव्हाच काढला. रेंज नव्हती, घरात लग्न होतं, म्हणून पाठवला ९ तारखेला. सीआरपी ताईंच्या मोबाईलमध्ये तो ९ तारखेच्या नावाने उतरला. पुढे त्यांनी तो ग्रामसंघाला १२ला पाठवला, तर तिथे तो १२ तारखेचा होईल. एकाच पानाला तीन मोबाईलमध्ये तीन तारखा, आणि पुढे गेलेल्या दोन्ही नावांत बैठकीची तारीख नाही. शिवाय व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवलं की फोटो कधी काढला याची आतली नोंदही पुढे जात नाही.

यावर एक सोपा मार्ग आहे. आधी स्वतःच्या मोबाईलमध्ये फोटोला नीट नाव द्या. मग व्हॉट्सअॅपवर तो फोटो म्हणून पाठवू नका, `Document` म्हणून पाठवा. तसं पाठवलं की तुम्ही दिलेलं नाव तसंच समोर पोचतं, आणि पानही अंधुक होत नाही. अक्षर वाचता येतं.

मग नावात कुठली तारीख लिहायची? जो कागद आहे त्याच्यावरची. इतिवृत्त असेल तर बैठकीची. पावती असेल तर पावतीवर शिक्का आहे ती. फोटो कधी काढला, कधी पाठवला, याच्याशी आपल्याला घेणंदेणं नाही. महिन्याभराचं बँक स्टेटमेंट असेल तर त्या महिन्याची शेवटची तारीख द्या, म्हणजे सप्टेंबरचं स्टेटमेंट `2024-09-30`. एकाच बैठकीची तीन पानं असतील तर शेवटी `01`, `02`, `03` लावा, इथेही शून्य धरून.

फोल्डर फार करू नका. प्रत्येक गटाचं एक, आणि त्यात आर्थिक वर्षाचं एक. नाव `2024-25`. त्यात एप्रिल २०२४ ते मार्च २०२५ची सगळी कागदपत्रं टाका, वेगवेगळे महिने करू नका. दर आठवड्याला बैठक घेणाऱ्या गटाच्याही वर्षाला बावन्न बैठका होतात, तेवढं एका फोल्डरमध्ये सहज मावतं. नावं वर्षापासून सुरू होत असल्यामुळे डिसेंबर २०२४नंतर जानेवारी २०२५ आपोआप येतो. सगळं एकत्र ठेवण्याचा फायदा बघा:

```
2024-10-05_इतिवृत्त_01.jpg
2024-10-05_इतिवृत्त_02.jpg
2024-10-05_ठराव_कर्ज.jpg
2024-10-07_बँक-पावती.jpg
2024-10-31_स्टेटमेंट.pdf
```

ही यादी वाचली की त्या महिन्याचं काम दिसतं. पाच तारखेला बैठक, त्याच दिवशी कर्जाचा ठराव, सातला पैसे बँकेत भरले, महिनाअखेरीचं स्टेटमेंट. बचत गोळा झाली आणि बँकेत गेली, यात दोन दिवस गेले हेही दिसतं. एखाद्या महिन्यात इतिवृत्त आहे आणि पावती नाही, तर ती शोधायची की भरणाच राहिला, हे पुढच्या बैठकीतच विचारता येतं. ऑडिटच्या वेळी धावपळ होत नाही.

जुन्या फाईलींचं काय करायचं? सगळ्या एकदम बदलायला बसू नका. आधी शेवटच्या सहा महिन्यांच्या घ्या, कारण तुमच्या फाईलीसाठी त्याच लागणार आहेत. मोबाईलमधलं फाईलींचं अॅप उघडा. फोटोवर बोट दाबून धरा, तीन ठिपके दिसतील. त्यात `Rename` किंवा 'नाव बदला' असेल. पण नाव बदलण्याआधी फोटो उघडा आणि पानावरची तारीख वाचा. जुन्या नावावरून नवं नाव लिहू नका, जुनं नावच चुकलेलं असू शकतं. दोघी बसा. एकीने वहीतली तारीख मोठ्याने वाचायची, दुसरीने टाइप करायची. हिशोब लिहिताना आपण असंच करतो.

नाव बदलताना मोबाईल म्हणाला की या नावाची फाईल आहे, किंवा नावापुढे `(1)` आलं, तर थांबा. एकतर तोच फोटो दोनदा आहे किंवा दोन वेगळ्या पानांना एकच तारीख पडली आहे. दोन्ही उघडून बघा. तोच फोटो दोनदा असेल तर एक काढा. पानं वेगळी असतील तर `01`, `02` करा.

शेवटी यादी `Name` म्हणजे नावानुसार लावलेली आहे ना, ते बघा. सगळ्यात नवी तारीख वर आली तर घाबरू नका, यादी उलट्या क्रमाने लावलेली आहे एवढंच. क्रम बरोबरच असतो. मग वहीतल्या बैठका मोजा आणि फोल्डरमधल्या इतिवृत्तांच्या तारखा मोजा. दोन्ही आकडे जुळले पाहिजेत.

आणि एक मर्यादा सांगते. नावात तारीख लिहिली म्हणून बैठक झाली, असं होत नाही. मोबाईल तपासत नाही, तुम्ही लिहाल ते तो मानतो. `2024-11-07` ऐवजी `2024-11-17` लिहिलंत तर तो निमूट तसंच लावेल, क्रमही बरोबरच दिसेल, आणि चूक तशीच राहील. पुरावा वहीच आहे, सह्या वहीतच आहेत. फोटोचं नाव म्हणजे वहीतल्या पानाकडे बोट दाखवणारी खूण. म्हणून फोटो जपले तरी वही जपणं सुटत नाही.

पुढच्या बैठकीत इतिवृत्त वाचून झाल्यावर, सह्या झाल्यावर, तिथेच बसून त्या पानाचा फोटो काढा आणि तिथेच नाव द्या. तारीख पानावर समोर असते, सगळ्या जणी बघत असतात, चूक झाली तर कुणीतरी बोलतंच. घरी जाऊन करू म्हटलं की ते आठ दिवस राहतं, आणि मग कुठला फोटो कुठल्या बैठकीचा हे आठवत बसावं लागतं.

आता सगळ्या जणी आपापला मोबाईल काढा. शेवटच्या बैठकीचा फोटो उघडा. पानावर तारीख कुठली आहे, ती आधी मला वाचून दाखवा. मग नाव देऊ.